चंचल सोडत आणि स्थिर यादी

शाळेच्या कामात चिठ्ठ्या टाकण्याचा प्रसंग वारंवार येतो. तोंडी परीक्षेला कोणी आधी जावे, वक्तृत्वस्पर्धेत कोणाचा क्रम कितवा, प्रयोगशाळेत कोणाला कोणता प्रयोग यावा, या गोष्टी हजेरीपटाच्या क्रमाने ठरविल्या तर आडनावाचे आद्याक्षर हेच मुलाचे भाग्य ठरते. ‘अ’ वरून ज्याचे नाव सुरू होते तो वर्षभर पहिला आणि ‘ह’ वरून ज्याचे सुरू होते तो वर्षभर शेवटचा. म्हणून पूर्वी आपण कागदाच्या चिठ्ठ्या करून त्या डब्यात घालीत असू, डबा हलवीत असू आणि वर्गातील सर्वांत लहान मुलाकडून एकेक चिठ्ठी काढवीत असू. चिठ्ठी एकदा बाहेर आली की आली. ती पुन्हा डब्यात उडी मारीत नसे.

आता बहुतेक शाळांत हे काम संगणकावरील तक्त्यात, म्हणजे एक्सेलमध्ये किंवा तशाच दुसऱ्या स्प्रेडशीटमध्ये होते. तेथे मात्र एक विलक्षण अनुभव येतो. सोडत निघते, क्रम डोळ्यांपुढे दिसतो. एवढ्यात एखाद्या नावातील ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसते म्हणून ती सुधारावी, तो सगळा क्रम क्षणात पालटतो. फलकावर लावलेला कागद एक सांगतो आणि संगणकाचा पडदा दुसरेच सांगतो. पालकांना शंका येते आणि शिक्षकाला उत्तर सुचत नाही. असे का होते, आणि निघालेला एकच निकाल कायम कसा ठेवावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम कारण पाहू. तक्त्यातील यदृच्छेने अंक देणारे सूत्र अगदी छोटे आहे.

```
=RAND()
```

हे सूत्र घरात लिहिले की तेथे शून्य किंवा त्याहून मोठा, पण एकाहून लहान असा एक अपूर्णांक येतो. सूत्राच्या कंसात काहीच नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सर्व गोष्टीचे मूळ त्या रिकाम्या कंसात आहे.

तक्त्याची हिशेब करण्याची रीत काटकसरीची असते. समजा, एका घरात दोन विषयांच्या गुणांची बेरीज मांडली आहे. त्या दोन घरांतील गुण बदलले तरच संगणक बेरीज पुन्हा करतो. इतरत्र कोठे काही बदलले तर तिला हात लावीत नाही. प्रत्येक सूत्र कोणावर अवलंबून आहे याची नोंद तो ठेवतो आणि जेवढ्यास तेवढेच काम करतो. परंतु `RAND` हे सूत्र कोणत्याच घरावर अवलंबून नाही. त्याचा कंस रिकामा आहे. मग त्याने नवा अंक केव्हा द्यावा? वरील नियमाने चालले तर कधीच नाही. ही अडचण दूर करण्यासाठी अशा सूत्रांना निराळा नियम लावलेला आहे: तक्त्यात कोठेही हिशेबाची फेरी झाली की ही सूत्रे पुन्हा चालवावयाची, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली सूत्रेही त्यांच्यामागोमाग चालवावयाची. या सूत्रांना आपण चंचल सूत्रे म्हणू. आजची तारीख दाखविणारे `TODAY` आणि या घटकेची वेळ दाखविणारे `NOW` ही याच जातीची आहेत. घड्याळाचे सूत्र चंचल असावे हे योग्यच आहे. सोडतीचे सूत्र चंचल असणे मात्र आपल्याला गैरसोयीचे जाते.

हिशेबाची फेरी कशाने होते? कोणत्याही घरात काही लिहून Enter कळ दाबली की होते. एखादे घर पुसले, एखादी ओळ घातली किंवा काढली, F9 कळ दाबली, की होते. फाईल बंद करून पुन्हा उघडली तरी होते. गूगलच्या तक्त्यात एकच फाईल अनेकांनी उघडलेली असते. तेथे तुम्ही हात बांधून बसलात आणि दुसऱ्या गावच्या सहकाऱ्याने त्याच फाईलमध्ये काही लिहिले, तरीही तुमची सोडत हलते. तेव्हा ‘मी तर त्या रकान्याला शिवलोही नाही’ ही तक्रार खरी असली तरी तिचा उपयोग नाही. शिवण्याची गरजच नसते.

आता एक उदाहरण घेऊ. वर्गात ४२ मुले आहेत. पहिल्या रकान्यात, म्हणजे A मध्ये हजेरी क्रमांक आहे, B मध्ये नाव आहे. पहिली ओळ मथळ्याची, म्हणून मुलांची नावे दुसऱ्या ओळीपासून ४३ व्या ओळीपर्यंत आली. C च्या रकान्यात प्रत्येकापुढे वरील सूत्र घातले आणि D मध्ये त्या अंकांचा अनुक्रम काढणारे सूत्र घातले. D2 या घरात ते असे दिसेल:

```
=RANK(C2,$C$2:$C$43)
```

याचा अर्थ असा की C2 मधील अंक त्या सर्व ४२ अंकांत मोठेपणाने कितवा आहे ते सांग. सर्वांत मोठा अंक ज्याच्या वाट्याला आला तो पहिला. ही रीत निर्दोष आहे. RAND चे अंक दशांशचिन्हापुढे पुष्कळ स्थळे जातात, त्यामुळे ४२ मुलांत दोघांना तोच अंक येण्याचा संभव व्यवहारात नाहीच. काही शिक्षक या जागी `RANDBETWEEN(1,42)` हे सूत्र घालतात आणि मुलांना थेट १ ते ४२ मधील क्रमांक मिळावा अशी अपेक्षा करतात. ती चूक आहे. ते सूत्र प्रत्येक वेळी चिठ्ठी काढून पुन्हा डब्यात टाकते. ४२ मुलांसाठी ते चालविले तर सरासरीने १५ क्रमांक कोणालाच मिळत नाहीत आणि दुसरे काही क्रमांक दोघातिघांना मिळतात. नुसती पाच मुले निवडावयाची असली तरी शंभरातून सुमारे २२ वेळा एखाद्या मुलाचे नाव दुबार येते. पाच मुले हवी असतील तर D मध्ये १ ते ५ हे अनुक्रम ज्यांच्यापुढे आले ती पाच घ्यावीत, म्हणजे दुबार येण्याचा प्रश्नच उरत नाही.

समजण्यास सोपे जावे म्हणून ४२ ऐवजी पाचच मुले डोळ्यांपुढे आणू आणि दोन दशांश स्थळांपुरतेच अंक घेऊ. अनंतला ०.४१ आला, कॅथरीनला ०.८७, गीताला ०.१५, सलीमला ०.६२ आणि विठ्ठलला ०.३३. तेव्हा क्रम ठरला तो असा: कॅथरीन, सलीम, अनंत, विठ्ठल, गीता. आता ‘विठ्ठल’ या नावात एक ‘ठ’ राहून गेला होता, तो कोणी घातला आणि Enter दाबली. त्याबरोबर पाचही अंक नवे झाले. अनंत ०.०९, कॅथरीन ०.२८, गीता ०.७४, सलीम ०.५१, विठ्ठल ०.९६. नवा क्रम: विठ्ठल, गीता, सलीम, कॅथरीन, अनंत. चौथा होता तो पहिला झाला आणि सर्वांत शेवटी असलेली गीता दुसरी झाली. नाव दुरुस्त करण्याचा आणि सोडतीचा काडीचाही संबंध नव्हता. परंतु हिशेबाची फेरी झाली, एवढे पुरे झाले.

येथे बहुतेकांचा हात आपोआप ‘मागे फिरा’ या आज्ञेकडे, म्हणजे Ctrl आणि Z या कळांकडे जातो. तिने काय होते? नावातील दुरुस्ती मागे फिरते, विठ्ठलचा ‘ठ’ पुन्हा जातो. पण जुने अंक परत येत नाहीत. मागे फिरणे हाही एक बदलच, त्यानेही फेरी होते आणि तिसरेच अंक येतात. एक्सेलमध्ये या सूत्राला आरंभबिंदू देण्याची सोय नाही, म्हणून तोच क्रम मुद्दाम पुन्हा काढताही येत नाही. गेलेला निकाल गेला. तो कागदावर छापलेला असेल किंवा कोणी लिहून घेतला असेल तरच उरतो. म्हणून जे काही करावयाचे ते क्रम पालटण्यापूर्वी करावयास हवे.

ते काय करावयाचे? सूत्राच्या जागी त्याने दिलेला अंक कायमचा लिहून ठेवावयाचा. पाहताना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु सूत्र सजीव असते आणि अंक निर्जीव. एक्सेलमध्ये C आणि D या दोन्ही रकान्यांतील, दुसऱ्या ओळीपासून ४३ व्या ओळीपर्यंतची सर्व घरे एकदम निवडावीत. Ctrl आणि C दाबून त्यांची नक्कल घ्यावी. मग निवड तशीच ठेवून Ctrl, Alt आणि V या कळा एकत्र दाबाव्यात. Paste Special नावाची चौकट उघडते. तीत Values हा पर्याय निवडून OK म्हणावे. झाले. नक्कल जेथून घेतली तेथेच ती उतरली, परंतु सूत्रे गळून पडली आणि अंक राहिले. गूगलच्या तक्त्यात हेच काम नक्कल घेतल्यावर Ctrl, Shift आणि V दाबून होते.

दोन्ही रकाने एकदमच निवडावेत असे मी म्हटले, ते उगीच नव्हे. समजा, एखाद्याने आधी फक्त D चा रकाना, म्हणजे अनुक्रमांचा, गोठविला. ती नक्कल उतरताच तक्त्यात बदल झाला, फेरी झाली, आणि अजून सजीव असलेल्या C मध्ये नवे अंक आले. मग त्याने C गोठविला. आता दोन्ही रकाने स्थिर आहेत, पण एकमेकांशी जुळत नाहीत. C मध्ये सर्वांत मोठा अंक गीताचा आहे आणि D मध्ये पहिला अनुक्रम कॅथरीनचा. पुढे कोणी तपासणी केली तर सोडतीत लबाडी झाली असेच त्याला वाटेल, आणि त्याचे समाधान करण्यास आपल्याकडे काही साधन उरणार नाही. दोन पायऱ्यांनीच काम करावयाचे असेल तर C आधी गोठवावा. त्या क्षणी D मधील सूत्रे C च्या गोठलेल्या अंकांवरून अनुक्रम काढतात आणि पुढे स्थिर राहतात, कारण `RANK` हे स्वतः चंचल नाही. ते C च्या चंचलपणामुळेच हलत होते.

अशीच एक दुसरी गडबड होते. काही जण C ची नक्कल घेऊन ती त्याच जागी न उतरविता शेजारच्या E रकान्यात अंकरूपाने उतरवितात आणि मग दोन्ही रकाने ताडून पाहतात. ते जुळत नाहीत. ‘नक्कल चुकली’ असा निष्कर्ष काढून ते पुन्हा नक्कल घेतात आणि पुन्हा तोच प्रकार होतो. वास्तविक नक्कल बरोबरच असते. E मध्ये उतरले ते C मधील त्या क्षणाचे अंक. उतरण्याच्या क्रियेनेच C पुढे सरकला. वाहत्या पाण्याचे चित्र काढून ते पाण्याशी ताडून पाहण्यासारखे हे आहे.

आता दुसरी लोकप्रिय रीत पाहू. D चा रकाना न करता, C च्या अंकांवरून सगळ्या ओळींचीच मांडणी बदलावी, म्हणजे Sort ही आज्ञा द्यावी, अशी ती रीत. ४२ मुलांच्या A, B आणि C या तिन्ही रकान्यांतील घरे निवडून C प्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे लावण्यास सांगितले की नावे खालीवर होतात. आपल्या पाच मुलांची मांडणी कॅथरीन, सलीम, अनंत, विठ्ठल, गीता अशी होईल. परंतु C कडे पाहिले तर डोळे चक्रावतात. तेथे ०.८७, ०.६२, ०.४१ असा उतरता क्रम दिसावा अशी अपेक्षा असते, आणि दिसतात ०.५२, ०.११, ०.९०, ०.३७, ०.६६ असे अस्ताव्यस्त अंक. मांडणी झालीच नाही असे वाटून पुष्कळ जण पुन्हा पुन्हा Sort म्हणत राहतात, आणि दर खेपेस नवीन क्रम हाती येतो.

येथे घडते ते असे. मांडणी अगदी बरोबर झाली, ती त्या क्षणीच्या अंकांप्रमाणे झाली. मांडणी संपताच फेरी होऊन C मध्ये नवे अंक आले. मात्र नावे ही सूत्रे नव्हेत, लिहिलेली अक्षरे आहेत. ती जेथे सरकली तेथेच राहतात. म्हणजे या रीतीत मुलांचा क्रम आपोआपच स्थिर झालेला असतो आणि पुढे दुरुस्त्या केल्या तरी तो हलत नाही. हलतो तो फक्त साक्षीदार. ज्या अंकांमुळे हा क्रम आला ते अंकच नाहीसे होतात. म्हणून पुरावा हवा असेल तर आधी C गोठवावा आणि मगच Sort म्हणावे. मग अंक उतरत्या क्रमाने दिसतात आणि क्रम व अंक एकमेकांची साक्ष देतात. मांडणी झाल्यावर नव्या रकान्यात १, २, ३ असे अनुक्रम हाताने लिहावेत, सूत्राने नव्हे.

या रीतीत एक जपणूक मात्र आवश्यक आहे. नावांचा रकाना एकटाच निवडून त्याची मांडणी केली तर नावे हलतात आणि हजेरी क्रमांक जागच्या जागी राहतात; सलीमचा क्रमांक गीताच्या माथी बसतो. अशा वेळी एक्सेल बहुधा एक इशारा देते आणि निवड वाढवू का असे विचारते. तो इशारा न वाचता पुढे जाऊ नये.

एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत सगळे काम एकाच सूत्रात करण्याची सोय आली आहे.

```
=SORTBY(A2:B43,RANDARRAY(42))
```

हे सूत्र एका मोकळ्या घरात लिहिले की तेथून खाली ४२ मुलांची फेरफार केलेली यादी क्रमांकांसह उमटते. दिसण्यास ती Sort ने केलेल्या यादीसारखीच असते, परंतु दोहोंत मोठा भेद आहे. Sort ने केलेली यादी स्थिर असते. ही सर्वस्वी चंचल आहे. इथली नावे लिहिलेली नसून सूत्राने दाखविलेली असतात, आणि प्रत्येक फेरीला ती नव्याने फिरतात. छापताना एक क्रम आणि छापून झाल्यावर दुसरा, असा अनुभव या यादीत हमखास येतो. हिलाही त्याच रीतीने गोठवावे लागते: संपूर्ण यादी निवडावी, नक्कल घ्यावी आणि Values म्हणून उतरवावी.

येथे कोणी विचारील की, हे सर्व करण्यापेक्षा संगणकाला हिशेबच करू नकोस असे सांगितले तर? तशी सोय आहे खरी. Formulas या विभागात Calculation Options मध्ये Manual हा पर्याय निवडला की F9 दाबल्याखेरीज फेरी होत नाही. पण सोडत जपण्यासाठी या पर्यायावर विसंबू नये. एक तर ही सूचना एका तक्त्यापुरती राहत नाही. त्या वेळी उघड्या असलेल्या सर्व फाईलींना ती लागू होते, आणि शेजारच्या गुणपत्रकातील बेरजा बदललेले गुण न घेता तशाच जुन्या राहतात. दुसरे असे की या पर्यायाबरोबरच ‘साठविण्यापूर्वी हिशेब करावा’ ही सूचना मुळातच चालू ठेवलेली असते. आपण निर्धास्त होऊन फाईल साठवितो, आणि साठविण्याच्या त्या क्षणीच सोडत पालटते. ज्या क्रियेने निकाल जतन व्हावा तिनेच तो मोडावा, असा हा उलटा प्रकार आहे.

ज्यांना सूत्रांच्या भानगडीत पडावयाचे नाही त्यांच्यासाठी काही तक्त्यांत सरळ वाट आहे. गूगलच्या तक्त्यात Data या यादीत Randomize range अशी आज्ञा आहे. मथळ्याची ओळ वगळून, हजेरी क्रमांक आणि नाव हे दोन्ही रकाने एकत्र निवडून ती दिली की ओळी एकदा मिसळल्या जातात आणि तशाच राहतात. तेथे सूत्रच नाही, तेव्हा चंचलपणाही नाही. लिबरऑफिसमध्ये Sheet या यादीत Fill Cells आणि त्याखाली Fill Random Number अशी आज्ञा आहे. ती सूत्र न घालता थेट स्थिर अंक घालते. इतकेच नव्हे तर तीत आरंभबिंदू म्हणून आपल्या पसंतीची एक संख्या देता येते. तीच संख्या व तेच इतर पर्याय पुन्हा दिले की तेच अंक पुन्हा येतात. सर्वांसमक्ष ती संख्या आधी जाहीर केली तर सोडतीची फेरतपासणी कोणालाही करता येते.

आता, निकाल खरोखर स्थिर झाला की नाही हे ओळखावे कसे? खूण सोपी आहे. अंकाच्या घरावर एकदा टिचकी मारावी आणि वरच्या सूत्राच्या पट्टीकडे पाहावे. तेथे बरोबरीच्या चिन्हाने सुरू होणारे RAND दिसले तर घर अजून सजीव आहे. नुसता अंक दिसला तर गोठलेले आहे. मग F9 दाबून पाहावे; एकही अंक हलता कामा नये. आणखी एक खूण आहे, ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फाईल उघडली, काहीही न करता बंद केली, आणि तरीही एक्सेलने ‘बदल साठवू का’ असे विचारले, तर त्या फाईलमध्ये कोठेतरी चंचल सूत्र आहे असे बहुधा समजावे. उघडताक्षणीच त्याने नवा अंक घेतलेला असतो आणि तोच तो बदल होय.

श्रोतेहो, एवढे झाले की यंत्राचे काम संपले. आता माणसांचे काम उरते, कारण एकच निकाल ठेवावयाचा म्हटले तर तो कोणता, हा प्रश्न येतोच. F9 दाबताच नवा क्रम येतो, हे एकदा कळले की मोह उत्पन्न होतो. पहिला क्रम पाहिला, त्यात मुख्याध्यापकांचा मुलगाच पहिला आला, लोक काय म्हणतील म्हणून पुन्हा दाबली. दुसऱ्यात दोन बडबडी मुले शेजारी आली म्हणून पुन्हा दाबली. पाचवा क्रम ‘बरा’ वाटला म्हणून ठेवला. या पाचव्या क्रमाला सोडत म्हणता येणार नाही. प्रत्येक क्रम यदृच्छेने आला असला, तरी त्यांतून निवड माणसाने केली, आणि निवड करणाऱ्याची मर्जी त्यात उतरली. दोन बडबडी मुले शेजारी नकोत असतील तर तो नियम सोडतीपूर्वी जाहीर करावा. निकाल पाहून करू नये.

म्हणून कामाचा अनुक्रम असा असावा. नावांच्या सगळ्या दुरुस्त्या आधी संपवाव्यात. शाळा सोडून गेलेल्यांची नावे काढावीत, नव्याने आलेल्यांची घालावीत आणि ती यादी एकदा वाचून दाखवावी. त्यानंतर दोन साक्षीदारांसमक्ष F9 एकदाच दाबावयाची, आणि जो क्रम येईल तोच निकाल, असे तोंडाने आधी सांगावे. कळ दाबावी, लगेच C आणि D एकत्र गोठवावेत, फाईल निराळ्या नावाने, तारखेसह साठवावी, आणि तिची एक प्रत छापून तीवर सह्या घ्याव्यात. या छापील प्रतीत नुसता क्रम नसावा; प्रत्येकापुढे त्याचा अपूर्णांकही असावा. कित्येक जण तो रकाना ओबडधोबड दिसतो म्हणून काढून टाकतात. परंतु तोच सोडतीचा पुरावा आहे. ज्या पालकाला संगणकाचे अवाक्षर कळत नाही त्यालाही ते ४२ अंक मोठ्याकडून लहानाकडे लावून क्रम बरोबर आहे की नाही हे पेन्सिलीने पाहता येते.

सोडतीनंतर ४३ वा मुलगा वर्गात आला तर काय करावे? त्याच्यापुढे RAND घालून, त्याचा अंक गोठवून, D ची सूत्रे त्याच्यापर्यंत वाढविली, तर तो मध्येच कोठेतरी शिरतो आणि त्याच्या खालच्या सर्वांचा अनुक्रम एकाने घसरतो. फलकावरचा कागद पुन्हा खोटा ठरतो. त्यापेक्षा उशिरा येणाऱ्याला शेवटचा अनुक्रम मिळेल, असे सोडतीपूर्वीच सांगून ठेवणे सोयीचे. त्यात त्याच्यावर थोडा अन्याय होतो हे खरे, पण इतर ४२ जणांना दिलेला शब्द मोडत नाही.

जुन्या डब्यातील चिठ्ठी बाहेर आली की तिचे काम संपे, कारण कागदाला स्वतःहून बदलता येत नसे. संगणकातील चिठ्ठी मात्र आपण सांगेपर्यंत डब्यातच असते. पडद्यावर दिसते ते तिचे क्षणाचे दर्शन. ती बाहेर काढणे म्हणजे सूत्राच्या जागी अंक लिहिणे. तेवढे केल्यावरच विठ्ठलच्या नावात राहिलेला ‘ठ’ खुशाल घालावा. त्याची पाळी चौथीच राहील.